सत्तावीस तारखेची रिकामी ओळ

पहिल्या तारखेला सोमवार आला, याचाच तिला केवढा आनंद झाला होता. महिना कसा रांगेत बसला! सोमवार, बुधवार, शुक्रवार अभ्यासाच्या युक्त्या. शनिवारी शिक्षकांची ओळख. मंगळवारी क्लासची माहिती, पंधरा तारखेनंतर प्रवेशाची आठवण. गुरुवारी मुलांसाठी एखादं कोडं, रविवारी पालकांच्या प्रश्नांना उत्तरं. तीस दिवस, मोबाइलवर टाकायच्या तीस पोस्ट, तक्त्यात तीस ओळी. तीस तारखेला प्रवेश बंद आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग सुरू.

क्लास धाकट्या दिराचा होता. जिना चढून वर दोन खोल्या, खाली झेरॉक्सचं दुकान. रंगाचा वास अजून गेला नव्हता. दीर गणित शिकवणार आणि ती विज्ञान. त्या एका विज्ञानाच्या बॅचसाठी तिने चौदा वर्षांची शाळेची नोकरी सोडली होती. शाळेने तिच्या जागी माणूस घेतलाही होता, म्हणजे मागचं दार बंद. "वहिनी, शाळेत तुम्हाला साठ मुलांना ओरडण्यातच तास संपतो. इथे वीस मुलं, मनासारखं शिकवा," असं दीर म्हणाला होता, आणि ती विरघळली होती. मनासारखं शिकवायला मिळणार म्हटल्यावर कुठला शिक्षक विरघळत नाही?

पोस्ट कोण लिहिणार, हा प्रश्नच नव्हता. घरात लग्नपत्रिकेपासून तक्रार अर्जापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडायचं. तिने सरळ तक्ता आखला: तारीख, प्रकार, मजकूर, फोटो, तयार की नाही. ज्या ओळीसमोर 'तयार' पडेल, ती दीर मोबाइलमधून त्या त्या दिवसासाठी लावून ठेवायचा. ओळ तयार नसेल तर त्या दिवशी काही जाणार नाही, इतकं साधं.

तिचे दोन नियम होते. पहिली ओळ अशी हवी की स्क्रीनवर सरकणारा अंगठा थांबला पाहिजे, कारण पुढचं वाचायला लोकांना बोट लावायचाही कंटाळा. आणि पहिल्या पंधरा दिवसांत 'प्रवेश घ्या, प्रवेश घ्या' करून लोकांच्या मागे लागायचं नाही. आधी काहीतरी द्यायचं, मग मागायचं.

युक्त्या तिला शोधाव्या लागल्याच नाहीत. 'धडा चार वेळा वाचू नका. एकदा वाचा, वही मिटा, आठवेल तेवढं लिहून काढा.' 'आकृती पाठ करू नका, शेजारच्याला समजावून सांगा.' चौदा वर्षांचा माल होता तो, भराभर उतरला. शिक्षकांच्या ओळखीही लिहून झाल्या. दिराची पहिल्या शनिवारी. मग भाषेच्या बाईंची, ज्या रागावल्या की आवाज चढवण्याऐवजी उतरवतात. तिसऱ्या शनिवारी इंग्रजीचे सर, ज्यांना गल्लीतले सगळे 'घड्याळ' म्हणतात. प्रत्येकाजवळ बसून तिने एकेक गोष्ट काढून घेतली होती.

राहिला चौथा शनिवार, सत्तावीस तारीख. तो तिचा स्वतःचा.

स्वतःबद्दल काय लिहायचं? 'अनुभवी शिक्षिका' लिहिलं, खोडलं. 'विद्यार्थीप्रिय' लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्याचं कौतुक करताना तिचं पेन पळायचं, स्वतःपाशी आलं की बसकण मारायचं. बघू, वेळ आहे, असं म्हणत तिने ती ओळ रिकामी ठेवली. आपली ओळख शेवटी टाकली तर उरलेल्या तीन दिवसांत आपल्या बॅचला कोण येणार, हेही तिला कळत होतं. स्वतःच नियम करणारी बाई स्वतःच्याच बाबतीत असा मूर्खपणा करते, याला काय म्हणावं!

पंधरा तारखेला बारा प्रवेश झाले होते. हवे होते चाळीस. पालकांचे निरोप मात्र भरपूर येत होते: "युक्त्या फार छान असतात, कोण देतं?" दीर उत्तर द्यायचा, "आमची टीम." तिला ते जरा टोचलं, पण ती हसली. टीम तर टीम.

पंचवीस तारखेला सकाळी दीर वर आला तोच खुशीत.

"वहिनी, काम झालं! चौकातल्या मोठ्या क्लासचे विज्ञानाचे सर आहेत ना, ते येतायत आपल्याकडे. त्यांच्यामागे पंधरा-वीस मुलं तरी येतील."

"विज्ञानाचे?" ती म्हणाली. "मग मी?"

"तुम्ही आहातच की! शंका सोडवायला बसा, पेपर तपासा. आणि हे सगळं लिहिणं. तुमच्यासारखं लिहितं कोण?"

"भाऊजी, मी बॅचसाठी नोकरी सोडली."

दिराने खुर्ची ओढली. खाली बघत म्हणाला, "पालकांना नाव लागतं, वहिनी. मी तरी काय करू? आणि शनिवारची तुमची ओळ रिकामीच होती ना. मला वाटलं, तुमचंच मन होत नाहीये."

ओळ रिकामी होती हे खरं होतं, आणि खोटेपणा करायला माणसाला अर्धं खरं पुरतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो भावाला चार शब्द सुनावेल, असं तिला मनातून वाटलं होतं. तो म्हणाला, "घरातलंच आहे गं. पुढच्या वर्षी बघू. आता ऐन वेळी मोडता घालू नकोस." तिला इतका संताप आला की ती भांडी घासायला उठली, एकही खरकटं भांडं नसताना.

दुसऱ्या दिवशी तिने नव्या सरांना फोन केला. ओळख लिहायची तर माहिती हवी.

"तुमची शिकवण्याची काही खास पद्धत, सर?"

"अहो मॅडम, काहीतरी छानसं लिहून टाका तुम्हीच. मी आत्ता तासावर आहे." फोन बंद.

ती तक्त्यासमोर बसली. वाईट लिहिता आलं असतं. कोरडं, चार ओळींचं, कुणी न थांबता पुढे जाईल असं. पण हाताला ती सवय नव्हती. तिने लिहिलं: 'या वर्गात चूक खोडायला परवानगी नाही. चुकलेलं उत्तर तसंच राहतं आणि त्याच्या शेजारी मूल स्वतः लिहितं, आपण कुठे घसरलो. वर्षाच्या शेवटी तीच वही त्याचं सगळ्यात चांगलं पुस्तक होते.' चौदा वर्षं ती असंच शिकवत आली होती. महिनाभर जे सुचत नव्हतं ते दहा मिनिटांत उतरलं. वर सरांचा फोटो लावला आणि 'तयार' लिहिलं.

सत्तावीसची पोस्ट अख्ख्या महिन्यात सगळ्यात जास्त वाचली गेली. एकोणतीस तारखेला जिन्यावर रांग होती. दीर आत पालकांशी बोलत होता, ती बाहेरच्या टेबलावर अर्ज भरून घेत होती.

एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी खाली मान घालून उभी.

"विज्ञानाला घाबरते हो ही," आई म्हणाली. "चुकलं की पानच फाडते. मी महिनाभर वाचतेय तुमचं सगळं. पण परवा ते सरांचं वाचलं, चूक खोडू देत नाहीत म्हणून, आणि म्हटलं, हिला याच माणसाकडे घालायचं. सांभाळून घेतील ना ते?"

मुलीने मान वर केली. चौदा वर्षं अशी मुलं तिने पहिल्या बाकावर बसवली होती.

"घेतील," ती म्हणाली आणि अर्जावर विज्ञानापुढे सरांचं नाव घातलं.

"आणि मॅडम, तुम्ही काय शिकवता?"

तिने अर्ज उलटा फिरवून सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

"मी शिकवत नाही," ती म्हणाली. "इथे सही करा."