देवघरात अडकलेलं अपडेट

काळ कुणासाठी थांबत नाही, असं व्यंकटराव सेवानिवृत्तीच्या भाषणात ठणकावून म्हणाले होते. तोच काळ आता उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, देवघरात, ‘डाउनलोड होत आहे’ या पाटीखाली मुक्कामाला होता.

घड्याळ त्यांच्या पत्नीचं, भानुमतींचं; फोनला जोडलेलं स्मार्टवॉच. त्या गेल्यावर व्यंकटरावांनी ते त्यांच्या फोटोपुढं चार्जरवर ठेवलं. आत एक रेकॉर्डिंग होतं. दिसायचं, पण ऐकू यायचं नाही, कारण पाणी जाऊन घड्याळाचा स्पीकर कधीच गेला होता. फोनवर उतरवावं, तर आधी घड्याळ अपडेट करा, असा फोनचा हट्ट. शेवटी दवाखान्यात दोघांचं बोलणं झालंच नव्हतं. जे राहिलं ते यातच असणार, अशी व्यंकटरावांची खात्री होती.

“शंतनू म्हणतोय, सगळं पुसून नव्यानं जोडा,” व्यंकटरावांनी मुलाचा सल्ला सांगितला.

“त्याला म्हणावं, पुण्यात गप बस,” त्यांची मुलगी चारुता म्हणाली. “पुसलं तर आईचं रेकॉर्डिंगही गेलं. ते अजून फोनवर आलेलंच नाही. फोन कुठंय?”

“हॉलमध्ये. संध्याकाळी फिरायला माझ्याबरोबर.”

“का?”

“देवघरात मोबाइल आणायचा नाही. तुझ्या आईचा नियम.”

“आणि घड्याळ?”

“घड्याळाबद्दल ती काही बोलली नव्हती.”

चारुताला हसू आलं, आणि मग नाक पुसावं लागलं. “बाबा, अपडेट फोनकडून घड्याळात जातं. तुम्ही निघालात की ते अर्ध्यात लटकतं.”

तिनं फोनमधल्या घड्याळाच्या ॲपमधून अर्धवट उतरलेली फाइल काढून टाकली, वायफाय पाहिलं, मग घड्याळ आणि फोन दोन्ही बंद करून चालू केले. “नुसतं डाउनलोड अडकलं असेल तर एवढं चालतं. आता फोन इथंच, घड्याळाशेजारी.”

व्यंकटरावांनी पाटावर धुतलेला पंचा अंथरला, त्यावर फोन ठेवला आणि देवाकडं न बघता फोटोला म्हणाले, “आजच्यापुरतं.”

या वेळी डाउनलोड पूर्ण झालं. काळ्या पडद्यावर एक वर्तुळ भरू लागलं. कुंकवाचा कण झटकायला त्यांनी बोट पुढं केलं.

“हात नका लावू! आता इन्स्टॉल होतंय. मधेच चार्जरवरून काढलं किंवा बंद केलं तर घड्याळ कायमचं बसू शकतं. फक्त वाट बघायची.”

आयसीयूबाहेरही त्यांना हेच सांगितलं होतं. तिथं त्यांनी हात लावला नव्हता. वाटही बघितली होती.

वर्तुळ पूर्ण झालं. थोड्या वेळानं रेकॉर्डिंग फोनवर उतरलं. चारुतानं बटण दाबलं आणि ती मागं सरकली.

आधी कुकरची शिट्टी. मग भांड्यांचा आवाज. काम करता करता चुकून दाबलं गेलं असावं. बराच वेळ नुसता श्वास. व्यंकटराव फोनवर वाकले.

“अहो, वरची ती बरणी जरा काढून देता का? माझा हात पुरत नाहीये.”