कवळीकाकांना नाही म्हणताना

दातांच्या त्या लॅबमध्ये दोन टेबलं समोरासमोर होती. खिडकीजवळच्या टेबलावर ती बसायची. तिचं काम पोर्सेलीनचे दात घडवण्याचं. समोर कवळीकाका. त्यांची सगळी हयात कवळ्या करण्यात गेली होती आणि तिला हातात ब्रश कसा धरायचा हेही त्यांनीच शिकवलं होतं. त्यामुळे काकांनी काही सांगायचा अवकाश, हिचं 'हो' तयार. तसं ती सगळ्यांनाच हो म्हणायची. तिचा नवरा म्हणायचा, "बाकीचे बत्तीस आहेत तुला, पण 'नाही'चा दात काही उगवला नाही."

त्या दिवशी सकाळी तिच्यापुढे एका शाळेतल्या बाईंचे समोरचे सहा दात होते. बाई कितीतरी महिने तोंडावर हात धरून हसत होत्या, आणि उद्या सकाळी डॉक्टर ते दात बसवणार होते. पोर्सेलीनची भुकटी पाण्यात कालवून ब्रशने थराथराने चढवायची, भट्टीत भाजायची, भाजल्यावर ती आकसते म्हणून पुन्हा चढवायची. एकदा थर द्यायला बसलं की मधे उठायची सोय नाही. भुकटी वाळते, आत हवा राहते आणि भट्टीतून दात नव्हे, भोकं बाहेर येतात. रंग जुळवायचा तोही खिडकीतला उजेड आहे तोवरच.

तिने पहिला थर कालवला आणि तेवढ्यात काका उभे. हातात बिजागरीच्या चौकटीवर बसवलेले वरचे-खालचे साचे, आणि साच्यांवर मेणाची कड.

"आजोबांची कवळी आहे. उद्या मेणातच तोंडात लावून बघायची आहे," काका म्हणाले. "आज माझा मदतनीस रजेवर आणि सकाळपासून तीन मोडक्या कवळ्या येऊन पडल्यात. ती माणसं संध्याकाळपर्यंत उपाशी बसतील गं. तेवढे दात लावून देशील?"

'तेवढे' म्हणजे वरचे चौदा आणि खालचे चौदा. 'हो' अगदी ओठांवर येऊन बसलं होतं. ती हो म्हणाली असती तर काय झालं असतं, ते तिला चांगलं माहीत होतं. दुपारी आजोबांचे दात घाईत लागले असते, संध्याकाळी दिव्याच्या पिवळ्या उजेडात बाईंच्या दातांचा रंग चुकला असता आणि उद्या दोन माणसं आरशासमोर हिरमुसली असती. आणि नाही म्हणावं तर समोर कोण? ज्यांनी शिकवलं तेच.

तिने ब्रश ओल्या फडक्यावर ठेवला.

"काका, आज नाही जमणार," ती म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा निघाला. "हे सहा दात उद्या सकाळी जायचेत. मी मधे उठले तर हे बिघडतील, आणि तुमचं घाईत केलं तर तेही बिघडेल."

काका हातातल्या साच्यांकडे बघू लागले. तिला फार कानकोंडं झालं. मग ती भडाभडा बोलत सुटली.

"पण ऐका ना. डॉक्टर दोघांचे एकच आहेत. मला रंगाचं विचारायला त्यांना फोन करायचाच आहे. उद्या फक्त समोरचे वरचे-खालचे सहा-सहा दात मेणात लावून दाखवले तर चालेल का, ते विचारते. चाललं तर मागचे दात नंतर लावता येतील. आणि दुपारी माझं काम भट्टीत गेलं की थोडा वेळ हात मोकळे असतात. तेव्हा येऊन तुमचं लावलेलं बघून जाईन. लावायला नाही हं, नुसतं बघायला."

"बरं," काका म्हणाले आणि आपल्या टेबलाकडे गेले.

नुसतं 'बरं'. तिला ते फारच लागलं. तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "चालेल की! उलट बरं झालं. आजोबांना आधी चेहरा पाहायचाय, लेकीला दाखवायचाय. मागचे दात पुढच्या खेपेला लावू." तिने हे टेबलावरूनच ओरडून सांगितलं. काकांनी हात वर केला, पण मान काही वर केली नाही.

मग तिने थर द्यायला घेतले. हात चालत होते आणि डोक्यात एकच भुंगा होता, काका दुखावले. शिकवलं त्यांनी, आणि आता ही शहाणी त्यांनाच वेळ नाही म्हणते. तरी हात चुकला नाही. पहिल्या भाजणीनंतर दात बाहेर आले तेव्हा एकही भोक नव्हतं. दुसरा थर देऊन तिने ते पुन्हा भट्टीत सरकवले आणि जीव मुठीत धरून समोरच्या टेबलाशी गेली.

तीनही मोडक्या कवळ्या घासूनपुसून चकचकीत झाल्या होत्या. आजोबांचे समोरचे दात मेणात उभे होते.

"काका, रागावलात का हो?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "रागावू कशाला? अगं, तू नाही म्हणालीस आणि माझा जीव भांड्यात पडला."

"म्हणजे?" तिने विचारलं.

"मागच्या महिन्यात तू एक कवळी लावून दिली होतीस, आठवतं? तेव्हाही तुझ्याकडे कामाचा ढीग होता. डॉक्टरांनी मेणावर चेहऱ्याच्या मध्याची रेघ ओढून दिली होती, आणि तू घाईत साच्यावर उठलेली, ओठ हिरडीला जोडणारी शीर धरून मध्य काढलास. सगळे दात एका बाजूला सरकले होते. पाहुणे कलंडलेल्या बाकावर बसल्यासारखे! दुसऱ्या दिवशी मी लवकर येऊन सगळे उपसले आणि पुन्हा लावले."

तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "मग मला सांगितलं का नाही?"

"तू इतक्या हौसेने हो म्हणाली होतीस, कुठल्या तोंडाने सांगणार? आज तुला विचारताना मीच घाबरलो होतो. ही हो म्हणाली तर पुन्हा सगळं निस्तरावं लागणार!"

"मग विचारलं कशाला?"

"दुसरं कोण आहे गं मला?" काका म्हणाले.

ती आधी शरमली आणि मग हसत सुटली. काकाही हसले. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि आपल्याला भूक लागल्याचं एकदम तिच्या लक्षात आलं.

"आता बघ बरं हे," काकांनी चौकट तिच्यापुढे सरकवली.

तिने आधी डॉक्टरांची रेघ शोधली, मगच दातांकडे पाहिलं. "मध्य बरोबर आहे. पण वरचा डावा सुळा जरा बाहेर डोकावतोय."

काकांनी मेण ऊन केलं आणि सुळा किंचित आत घेतला. "आता?"

तिने चौकट उजेडात धरून फिरवून पाहिली. "आता छान."

काकांनी चौकट उचलून उद्याच्या डब्यात ठेवली. एरवी काहीही दाखवलं तरी ती 'छान'च म्हणायची; ते ऐकून घ्यायचे आणि ती वळली की पुन्हा एकदा सगळं तपासायचे. आज त्यांनी नुसतं झाकण लावलं.