हद्दीबाहेरचा अर्जदार

सत्तार इनामदारच्या पासपोर्टवर ब्रिटनचं राजचिन्ह होतं, पण त्यानं ब्रिटन कधी पाहिलं नव्हतं. त्याचे वडील नगरच्या झेंडीगेटचे. रेल्वेच्या वर्कशॉपात काम मिळालं म्हणून ते नैरोबीला गेले. सत्तार तिथंच जन्मला, तिथंच शिलाई मशीन दुरुस्त करायला शिकला आणि पुढं त्यानं स्वतःचं दुकान टाकलं. केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तिथलं नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. सत्तारनं ते घेतलं नाही. ब्रिटिश पासपोर्ट असला की कुठं अडायचं काम नाही, असं तेव्हा सगळेच म्हणत होते.

अडसष्ट सालच्या फेब्रुवारीत बातमी आली की, ब्रिटन असल्या पासपोर्टवाल्यांना दार बंद करणार आहे. सत्तारची बायको जहिरा मुलीला घेऊन भावासोबत लगोलग निघाली आणि इंग्लंडात लेस्टरला पोचली. दुकान विकून सत्तार मागून जाणार होता. एक मार्चला कायदा लागू झाला. दुकान विकलं गेलं एप्रिलात.

पुढं केनियानं त्याचा कामाचा परवाना वाढवला नाही, तेव्हा सत्तर साली तो नगरला आत्याकडं, गौहरफुप्पीकडं आला. कापडबाजारात एका दुकानाच्या ओट्यावर बसून मशीन दुरुस्त करू लागला. दर सहा महिन्यांनी त्याला पोलीस कचेरीत जाऊन राहण्याची मुदत वाढवून घ्यावी लागे. तिथला हवालदार पहिल्या खेपेला म्हणाला, "गाव कोणतं तुमचं?"

"झेंडीगेट."

"मग मुदतवाढ कशापायी?"

सत्तारनं पासपोर्ट पुढं केला. हवालदारानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि त्याला बसायला खुर्ची दिली. झेंडीगेटच्या माणसाला त्या कचेरीत खुर्ची मिळाल्याचं फुप्पी पुढं बरेच दिवस सांगत होती.

मुंबईच्या ब्रिटिश कचेरीत त्यानं बायकोकडं जाण्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं की, नियमाप्रमाणे नवऱ्याकडे बायको येऊ शकते, बायकोकडे नवरा येऊ शकत नाही; आपलं नाव व्हाउचरच्या, म्हणजे प्रवेश-परवान्याच्या, यादीत ठेवलं आहे, पाळी येईल तेव्हा कळवू. पाळी कधी येईल हे कुणी सांगेना. त्यानं लंडनला अपील केलं. तेही एकाहत्तरच्या मे महिन्यात फेटाळलं गेलं. तो कागद घेऊन सत्तार राधाकृष्ण गंधे वकिलांच्या घरी गेला. सोबत फुप्पी होती.

गंधे वकील जमिनीच्या वाटण्या आणि कुळकायद्याची कामं करत. पण त्यांना वाचायचा नाद होता, आणि युरोपातल्या देशांनी मानवी हक्कांचा एक करार केला आहे, त्याखाली स्ट्रासबुर्ग नावाच्या गावी एक आयोग बसतो आणि साधा माणूसही त्याच्याकडे सरकारविरुद्ध अर्ज करू शकतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"अपील फेटाळल्यापासून सहा महिन्यांत अर्ज गेला पाहिजे," ते म्हणाले. "कौटुंबिक जीवनाचा हक्क, कलम आठ. भेदभाव, कलम चौदा. यात मला काही अडचण दिसत नाही. अडचण आहे ती कलम एकमध्ये."

"त्यात काय हाय?" फुप्पीनं विचारलं.

"सरकारनं हे हक्क आपल्या अधिकारक्षेत्रातल्या प्रत्येक माणसाला द्यायचे, असं लिहिलंय. आता हे राहतात नगरमध्ये. यांच्यासारख्यांचे पंचवीस अर्ज आयोगानं मागच्या वर्षी दाखल करून घेतले, पण त्यातली बरीच माणसं निदान तिकडच्या विमानतळापर्यंत गेली होती. तुम्ही तर वेशीच्या आतही पाय टाकलेला नाही."

"टाकू देत न्हाईत म्हणून तर अर्ज करायचाय," फुप्पी म्हणाली.

वकिलांनी हे वाक्य इंग्रजीत करून अर्जात घातलं. अर्ज सप्टेंबरात गेला.

बहात्तर साली अर्जावर क्रमांक पडला आणि आयोगानं ब्रिटिश सरकारचं म्हणणं मागवलं. पाऊस नव्हता. वकिलांची पक्षकार कुळं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती, कोर्टात तारखांना कुणी येत नव्हतं, त्यामुळं वकिलांपाशी वेळच वेळ होता. सरकारचं म्हणणं आलं तेव्हा ते त्यांनी तीनदा वाचलं आणि कारकून सहादेवला सत्तारकडं पाठवलं.

"हे काय म्हणतात बघा," ते सत्तारला म्हणाले. "अर्जदार हिंदुस्थानात अहमदनगर येथे राहतो. हिंदुस्थानाला हा करार लागू नाही. अर्जदार पूर्वी केनियात होता. केनिया वसाहत होती तोवर आम्ही करार तिथं लागू केला होता. पण केनिया स्वतंत्र झाल्यावर तो लागू राहिला नाही. सबब अर्जदार आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही."

सत्तारनं विचारलं, "म्हंजी त्यांचं राज्य हुतं तवर मला हक्क हुते?"

"कागदावर होते. मात्र अर्ज करायची सोय सहासष्ट साली झाली. तोवर केनिया स्वतंत्र झालेला."

"आन मी?"

"तुम्ही ब्रिटिशच राहिलात."

उत्तर द्यायला सहा आठवडे होते. वकिलांना आधार हवा होता, आणि आयोगाचे निकाल नगरच्या काय, पुण्याच्या ग्रंथालयातही मिळेनात. तेव्हा सत्तारनं जहिराला लिहिलं. ती लेस्टरच्या होजिअरीच्या कारखान्यात होती. सुटीच्या दिवशी ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली, तिथल्या बाईंनी तिला पुस्तक काढून दिलं, आणि तिनं एक उतारा हातानं उतरवून पाठवला. अक्षर शाळकरी, पण एकही स्वल्पविराम गळलेला नाही. खाली उर्दूत लिहिलं होतं: मला याचा अर्थ कळला नाही, पण दोनदा ताडून पाहिलं आहे.

अर्थ वकिलांना कळला. पासष्ट साली एका जर्मन माणसानं मोरोक्कोतल्या जर्मन वकिलातीविरुद्ध तक्रार केली होती. ती टिकली नाही, पण आयोगानं जाता जाता म्हटलं होतं की, एखाद्या देशाचे नागरिक परदेशात राहत असले तरी काही बाबतींत त्या देशाच्या अधिकारक्षेत्रात असतात. विशेषतः वकिलातीचे अधिकारी त्यांच्याबाबत काही कर्तव्यं बजावतात, आणि त्यावरून तो देश करारानुसार जबाबदार ठरू शकतो.

"काही बाबतींत," सत्तारनं शब्द धरला. "आपली बाब त्यात बसते का?"

"ते आपल्याला दाखवावं लागेल."

दाखवण्याची सोय दुसऱ्याच आठवड्यात झाली. मुंबईच्या कचेरीतून सत्तारला पत्र आलं. यादीची फेरतपासणी चालू असल्यानं त्यानं अमुक दिवशी सकाळी दहाला पासपोर्ट घेऊन स्वतः हजर राहावं. न आल्यास यादीतलं नाव कमी होऊ शकतं. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, याचीही आठवण करून दिली होती.

गंधे वकील पत्र हातात घेऊन उठून उभे राहिले. त्यांची बायको पुष्पावती चहा घेऊन आली होती. तिला वाटलं, कुणी गेलं की काय.

"लंडन म्हणतं हा माणूस आमच्या हद्दीत नाही," वकील म्हणाले, "आणि मुंबई म्हणते दहा वाजता हजर हो, नाहीतर नाव काढतो. याच्या खिशातलं पासपोर्टचं पुस्तक त्यांचं. हुकूम त्यांचा. शिक्षा त्यांची. मग हा कुणाच्या अधिकारात आहे, माझ्या?"

ते पत्र, जहिराचा उतारा आणि अकरा पानांचं उत्तर असं स्ट्रासबुर्गला गेलं. अकरा पानं वकिलांनी चार वेळा टाइप करून घेतली. इतकं चांगलं आपण आयुष्यात काही लिहिलं नाही, हे त्यांनी पुष्पावतीजवळ कबूल केलं. बार रूममध्ये मात्र त्यांनी एवढंच सांगितलं की, परदेशी अधिकाऱ्यानं नगरच्या माणसावर चालवलेल्या अधिकाराचा प्रश्न प्रथमच इतका सरळ उभा राहिला आहे, आणि तो आयोगाच्या मे महिन्याच्या बैठकीत निघेल. आयोगातले सोळा-सतरा कायदेपंडित टेबलावर नकाशा पसरून अहमदनगर शोधत आहेत, असं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढं वरचेवर येई.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत सत्तारचं व्हाउचर आलं. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की, हे यादीतल्या पाळीनुसार दिलं आहे आणि यातून सरकारनं कोणतीही जबाबदारी मान्य केली आहे असं समजू नये.

सत्तारनं तो कागद ओट्यावरच वाचला, हातातलं मशीन तसंच टाकलं आणि चालत वकिलांकडं आला. वकिलांनी वाचून त्याचा हात हातात घेतला. मग चष्मा काढून पुसू लागले.

"व्हाउचर सहा महिने चालतं," ते म्हणाले.

"व्हय."

"बैठक मे महिन्यात आहे."

सत्तारनं त्यांच्याकडं पाहिलं.

"मी काही सांगत नाही," वकील म्हणाले. "तुम्ही तिथं गेल्यावरही अर्ज चालवता येतो, झालेल्या विलंबाबद्दल. पण ते म्हणतील, आता तक्रार कसली. तुम्ही बाहेर आहात तोवर प्रश्न धारदार आहे. हद्दीत शिरलात की हद्दीबाहेरच्या माणसाचं काय, हे विचारणार कोण?"

"साहेब, पोरगी तीन वर्सांची हुती. आता आठ व्हईल. फोटूत वळखू येत न्हाई."

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. एका प्रश्नासाठी आपण या माणसाला आणखी तीन महिने परका ठेवायला निघालो होतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि लक्षात येऊनही प्रश्नाची हळहळ कमी होत नव्हती.

"आन तिकडं उतरताना सरकारशी खटला चालूच, असं नको वाटतं," सत्तार म्हणाला. "माझ्यासारखे लई लोक यादीत हायेत, ते कळतंय मला. पन माझी हिंमत न्हाई."

"हिंमतीचा प्रश्न नाही," वकील म्हणाले आणि त्यांनी टाइपरायटर पुढं ओढला. अर्ज मागे घेत असल्याचं पत्र सहादेवला न सांगता त्यांनी स्वतः टाइप केलं. ते चार ओळींचं होतं. शेवटी त्यांनी एक पाचवी ओळ घातली: प्रश्न सार्वत्रिक महत्त्वाचा असल्यास आयोगाला अर्ज पुढं चालवता येतो, तरी तसा विचार व्हावा. सत्तारनं ती वाचली आणि सही केली. त्याबद्दल वकिलांनी त्याचे आभार मानले.

सत्तार मार्चमध्ये गेला. स्टँडवर फुप्पी पुण्याची एसटी वळून जाईपर्यंत उभी होती.

जूनमध्ये स्ट्रासबुर्गचं पत्र आलं. अर्जदारानं अर्ज मागे घेतल्यानं तो यादीतून काढून टाकला आहे. सार्वत्रिक महत्त्वाचे प्रश्न इतर अर्जांत तपासले जात असल्यानं हा पुढं चालवण्याचं कारण दिसत नाही. कलम एकबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या इतर अर्जांतले बरेच जण विमानतळापर्यंत पोचलेले होते, हे गंधे वकिलांनी कुणाला सांगितलं नाही. बार रूममध्ये जिंकलात की हरलात असं विचारलं गेलं, तेव्हा ते म्हणाले, "पक्षकार जिंकला."

ऑगस्टात लेस्टरहून सत्तारचं पत्र आलं. प्रकृती चांगली. जहिराच्याच कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम मिळालं. मात्र तिची पाळी रात्रीची आणि याची दिवसाची. पोरीजवळ कुणीतरी घरी हवं म्हणून तसंच ठरवलं आहे. तो निघतो तेव्हा ती येते. दारात भेट होते, किल्ली द्यायची असते. रविवारी मात्र तिघं बरोबर असतात. पोरगी त्याला आधी दोन आठवडे मामा म्हणत होती.

वकिलांनी पत्र पुष्पावतीला वाचून दाखवलं.

"यावर काही कलम नाही का?" तिनं विचारलं.

"आता तो पुरता त्यांच्या अधिकारक्षेत्रात आहे," वकील म्हणाले. "आता काही करता येत नाही."

तिनं पत्र त्यांच्या हातून घेतलं आणि त्यातला मुलीचा फोटो उजेडाकडं धरून बराच वेळ पाहिला.