‘प्रायोजित’ न लिहिलेला लेख

ती आरोग्याच्या वेबसाइटांसाठी लेख लिहायची. एका कंपनीने आपल्या रक्तदाबाच्या कॅप्सूलवर लिहायला नेहमीच्या तिप्पट दर देऊ केला. अट एवढीच, की ‘प्रायोजित’ असा उल्लेख नको. तिने एका वेबसाइटच्या संपादकाला तो नेहमीसारखा साधा लेख म्हणून पाठवला, पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. लेख प्रसिद्ध झाला.

महिन्याभराने आई स्वयंपाकघरात कोसळली.

“डॉक्टरांच्या गोळ्या बंद केल्यास?” तिने दवाखान्यात विचारलं.

“तूच लिहिलंस ना, कॅप्सूल पुरे म्हणून?” आईची जीभ जड झाली होती.

“आई, ती जाहिरात होती गं.”

“मग तसं लिहायचं नाही का?”

तिथल्याच बाकावर बसून तिने संपादकाला सगळं खरं कळवलं. तासाभरात तो लेख काढला गेला, पाठोपाठ तिचे आधीचे सगळे लेखही. आईचा उजवा हात मात्र पुन्हा हलला नाही.