पालथे पेले

कार्तिगै या दिव्यांच्या सणाच्या संध्याकाळी तूतुकुडीला समुद्राचा वारा नुसता पिसाळलेला. विहीणबाई दिवे बघायला येणार, आणि पट्टम्माळनं तर छातीठोकपणे सांगून ठेवलेलं, "आमच्या दारचा दिवा वाऱ्याला भीत नाही!"

म्हणून तिनं कठड्यावरच्या प्रत्येक पणतीवर काचेचा पेला पालथा घातला. वारा अडला खरा, पण आतली हवाही कोंडली. विहीण दारात येईस्तोवर सगळ्या पणत्या गार.

"अगंबाई, कोंडून मारलंत की बिचाऱ्यांना!" विहीण म्हणाली.

सुनेनं गुपचूप एक पणती भिंतीतल्या कोनाड्यात, वाळूच्या ताटलीत घट्ट बसवून पेटवली. ज्योत डुलली, पण तगली.

पट्टम्माळ लगेच पुढं सरसावली. "ही उठून दिसावी म्हणूनच बाकीच्या विझवल्या, विहीणबाई!"