तळघरातली चाचणी

"सगळ्यात महाग कंपनी, आणि तू तिचीच शिफारस करतेस?" काकांनी माझा मेमो टेबलावर आपटला.

आमची लिफ्टदुरुस्तीची छोटी फर्म. कामाच्या नोंदींसाठी तीन सॉफ्टवेअर मी तपासली होती, काकांनी मात्र फक्त किमती वाचल्या. माझं डोकंच फिरलं. तिन्ही ॲप फोनवर होती. काकांना ओढतच तळघरात नेलं. आमचे मेकॅनिक अशाच तळघरांत राबतात, आणि तिथे रेंजचा पत्ता नसतो.

पहिलं ॲप उघडेचना. दुसऱ्याने भरलेली नोंद गिळली. तिसऱ्याने, त्या महागड्याने, ती जपली आणि वर येताच आपोआप ऑफिसला पाठवली! काका पुन्हा करून बघायला खाली पळाले.

"काका, हे सगळं दुसऱ्या पानावर लिहिलंय!"

"मग पहिल्या पानावर किंमत कशाला लिहिलीस?" ते जिन्यातून ओरडले.