साडेतीन इंच

कुरवंड्याच्या सरुबाईंना लोणावळ्याच्या त्या हॉलमध्ये सगळ्या जणी वचकून असत. प्रमोदिनीताईंनी सात वर्षांपूर्वी आपल्या बंगल्यामागच्या हॉलमध्ये रजया शिवायचं काम सुरू केलं, तेव्हा गावातून बोलावलेल्या बायकांत सगळ्यात जास्त हसल्या त्या सरुबाईच. "चांगलं आख्खं कापड फाडायचं, आन् परत जोडत बसायचं. ही कसली रीत?" जन्मभर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवलेल्या बाईला नव्या कापडावर पातं चालवणं म्हणजे पापच. पण आठवड्याभरात त्यांनी गोल पात्याचा कटर असा काही हातात बसवला, की प्रमोदिनीताईंनी छाटणीचं टेबल त्यांच्या नावे करून टाकलं.

छाटणी म्हणजे शेवटचा हात. आखणी-कापणी सरुबाईंच्या सुनेची, सविताची. यंत्रावर भागुबाई. दोन रंगांचे दोन त्रिकोण जोडून एक चौकोन, मधून तिरकी शिवण, असे शेकडो चौकोन एका रजईला लागायचे. यंत्रावरून उतरताना ते जरा मोठे आणि वेडेवाकडे असायचे, आणि ते बरोबर साडेतीन इंचांचे करायचं काम सरुबाईंचं. पारदर्शक चौकोनी पट्टीवरची तिरकी रेघ शिवणीवर बसवायची, उजवी आणि वरची कड कापायची. मग चौकोन अर्धा फिरवायचा, कापलेल्या कडा साडेतीनच्या रेघांवर टेकवायच्या, तिरकी रेघ पुन्हा शिवणीवर आहे ना बघायचं, आणि राहिलेल्या दोन कडा उडवायच्या. शिवण दोन्ही टोकांना नेमकी कोपऱ्यात गेली पाहिजे. मग चार बाजूंनी दोन-दोन सूत शिवणीत जातं आणि तीन इंच उरतात. एका इंचात आठ सूत असतात, आणि सरुबाईंकडून अर्ध्या सुताची चूक झालेली कुणी पाहिलेली नव्हती.

दिवाळीनंतर पुण्याच्या प्रदर्शनासाठी चांदण्यांची रजई शिवायला घ्यायची ठरली. एका चांदणीला आठ टोकं, आणि सगळी टोकं सुईसारखी हवीत. सविताने निळं आणि पिवळं कापड काढलं आणि कापड वाया जाऊ नये म्हणून चार-चारची पद्धत धरली. पावणेसहा इंचांचे दोन चौकोन समोरासमोर ठेवायचे, चारी कडांनी दोन सूत आत शिवून टाकायचे, आणि मग दोन्ही कर्णांवर कापायचं. एका जोडीतून चार दुरंगी चौकोन निघतात. झटपट काम.

पहिली चांदणी जोडल्यावर प्रमोदिनीताईंनी चष्मा वर करून पाहिलं. "सविता, टोकं बोथट झाली आहेत गं. बघ, ही तीन."

सविताने पाहिलं. चौकोन साडेतीनचाच होता, मापात तसूभर फरक नव्हता. पण शिवण एका कोपऱ्यात न जाता त्याच्या बाजूला उतरत होती, एक सूत चुकून. म्हणून जोडताना टोक शिवणीत गिळलं गेलं.

"कापड उरेब, तिरक्या धाग्यावर आलंय ना ताई," सविता म्हणाली. "चार-चारच्या पद्धतीत बाहेरच्या चारी कडा उरेब येतात. इस्त्री फिरवली की ताणतात."

आणि हे खरं होतं. उरेब कड ताणतेच, कुठल्याही शिंपिणीला विचारा. सविता खोटं बोलली नाही. तिने फक्त एक गोष्ट बोलायची टाळली. ताणलेलं कापड कधी इकडे तर कधी तिकडे सरकतं. ही टोकं मात्र सगळी एकाच बाजूची गेली होती.

पुढच्या खेपेला तिने दोन-दोनची पद्धत घेतली. चार इंचांचे दोन चौकोन समोरासमोर, मधोमध कर्णाची रेघ, रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन सुतांवर शिवण आणि रेघेवर काप. दोन चौकोन निघतात, बाहेरच्या कडा सरळ धाग्याच्या, ताणायचा प्रश्नच नाही. छाटायला जेमतेम एक सूत उरतं. टोकं या वेळी कमी चुकली. पण चुकली.

सविताला तेव्हाच शंका आली होती. छाटणीच्या टेबलाशी जाऊन "आत्या, तुमचं चुकतंय," एवढं म्हणायचं, पण तीन शब्द तिच्या तोंडून निघेनात. लग्न होऊन आली तेव्हा तिला टाकाही सरळ घालता येत नव्हता. बोट धरून शिकवलं ते याच बाईने. त्यांना सांगायचं, आणि तेही भागुबाईसमोर? शिवाय डोळ्यांचं म्हणावं तर दोन वर्षांपूर्वी दोन्ही मोतीबिंदू काढून झालेले. "आता मुंगीचा पाय दिसतोय," असं सरुबाई गावभर सांगत हिंडल्या होत्या. मग सविताने स्वतःचीच समजूत घातली. छाटायला कापड कमी पडतंय. एका सुतात पट्टी फिरवायला जागा कुठे मिळणार? जास्त सोडलं की जमेल.

ही मात्र अशी चूक की दुसऱ्या कुठल्या कारखान्यात झाली नसती. तिथे कुणीतरी चौकोन उचलून तोंडावर टाकला असता. सासू-सुनेच्या टेबलावर सासूला बोलण्याऐवजी सून कापडालाच बोल लावत बसली.

तिसऱ्या खेपेला सविताने आठ-आठची पद्धत काढली आणि हात सैल सोडला. साडेआठ इंचांचे मोठे चौकोन घेतले. दोन्ही कर्ण आखून प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना शिवण, मग मधोमध उभा काप, आडवा काप आणि दोन्ही कर्णांवर काप. एका जोडीतून आठ चौकोन, कडा सरळ धाग्याच्या आणि छाटायला चांगलं तीन सूत कापड. यातले अर्धे तिने सरुबाईंपुढे ठेवले, अर्धे स्वतः दुसऱ्या टेबलावर छाटले. तेच कापड, तीच शिवण, तीच इस्त्री.

तिच्या चौकोनांची टोकं कोपऱ्यात बसली. सरुबाईंची दोन-दोन सूत बाहेर गेली. जितकी जागा दिली तितकी चूक वाढली. वरच्या उजव्या कोपऱ्यात, एकही न सुटता. दुसऱ्या कापाला चौकोन फिरवल्यावर त्या कडांकडे बघत होत्या, आणि कडा तर बरोबरच टेकत होत्या.

आता कापडाला बोल लावायची सोय उरली नाही. जानेवारी संपत आला होता. बायका चहाला बाहेर गेल्यावर सविता टेबलाशी गेली. सरुबाई पट्टी शिवणीवर बसवून थांबल्या होत्या. सविताने खिशातलं पांढरं बटण काढलं आणि हळूच पट्टीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं.

"आत्या, पट्टी बसली का नीट?"

"बसली की. रेघ शिवनीवर हाये."

"पट्टीवर काय दिसतंय का तुमाला?"

"काय दिसायचंय? पट्टी दिसती." आणि त्यांनी पातं ओढलं. पट्टी हलली, बटण घरंगळून जमिनीवर पडलं, त्याचा आवाज झाला तेव्हा त्यांनी मान वळवली. सविता खाली वाकली आणि बटण शोधायच्या निमित्ताने बराच वेळ टेबलाखालीच राहिली.

तळेगावच्या डॉक्टरांनी सरुबाईंना काळ्या डब्यात डोकं घालून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं. सविता बाहेर बाकावर बसून आवाज ऐकत होती. मध्येच खूप वेळ आवाज यायचा नाही. नंतर डॉक्टरांनी एक कागद दाखवला. दोन्ही डोळ्यांच्या वरच्या उजव्या भागात काळं पसरलं होतं.

"काचबिंदू आहे. मोतीबिंदूचा याच्याशी संबंध नाही. दाब वाढून मागची नस सुकते आणि माणसाला कळतही नाही, मेंदू रिकामी जागा भरून टाकतो. आहे तेवढं थेंबांनी टिकवायचा प्रयत्न करू."

"आन् गेलेलं?" सविताने विचारलं.

"गेलेलं परत येत नाही." डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन महिने आधी आला असता तर जरा जास्त वाचलं असतं. काही जाणवलं नव्हतं का घरात कुणाला?"

सविताने मान हलवली. कोणत्या बाजूला हलवली, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन-तीन महिने. चार-चार, दोन-दोन, आठ-आठ. तिला एकदम वाटलं, की जास्तीचं कापड सोडत आपण एकेक सूत त्यांच्या डोळ्यांतूनच छाटत होतो. मोठा चौकोन छाटून लहान करता येतो. लहान झालेला मोठा करायचं पातं अजून कुणी काढलेलं नाही.

प्रमोदिनीताई चांगल्या. त्यांनी सरुबाईंना कामावरून काढलं नाही, कापड घड्या घालायचं काम दिलं, आणि बिघडलेले सगळे चौकोन पिशवीत भरून घरी पाठवून दिले. सरुबाई आठवडाभर घड्या घालायला गेल्या. मग म्हणाल्या, रिक्षाचे हिसके लागत्यात. पुढे त्या घरीच राहिल्या. छाटणीच्या टेबलावर आता सविता बसते.

एका रविवारी दुपारी सरुबाई कुरवंड्याच्या घरी ओट्यावर ती पिशवी घेऊन बसल्या. चिंधी टाकायची नाही, हा त्यांचा जुना नेम. चौकोनाला चौकोन लावून हाताने जोडत होत्या. टाके अजून तसेच बारीक होते. सविता थेंबांची बाटली घेऊन आली आणि शेजारी टेकली. निळ्या-पिवळ्या चांदण्या पसरल्या होत्या, आणि प्रत्येक चांदणी त्याच एका अंगाला बोथट होती.

"छान होतीय," सविता म्हणाली.

सरुबाईंनी एक चौकोन घेतला आणि शिवणीवरून अंगठा फिरवत कोपऱ्यापर्यंत नेला. दोन सूत आधीच अंगठा कडेवरून घसरला.

"टोक चुकलंय," त्या म्हणाल्या. "अंगठ्याला कळतंय. दिवाळीपास्नं कळतंय."

सविताने बाटली खाली ठेवली. "मग आत्या, बोलला का न्हाई तुमी?"

"कापून झाल्यावं कळायचं गं. आदी न्हाई." त्यांनी चौकोन गुडघ्यावर ठेवला. "आन् तू लागलीस रीत बदलाया. आदी चारचं, मग दोनचं, मग आटचं. मला वाटलं, हिला समजलंय. आज सांगंल, उद्या सांगंल. मी तुजी वाट बगत बसले."

सरुबाईंनी डोकं मागे भिंतीला टेकवलं, डोळे उघडे ठेवले आणि म्हणाल्या, "घाल थेंब. येळ झाली."